परगावचा चेक, एकशे अठरा रुपये आणि मधले सहा दिवस : ठाणे-नवी मुंबईतील बँकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील सर्व बँकांचे शाखा व्यवस्थापक,
तसेच त्यांची क्षेत्रीय कार्यालये

महोदय / महोदया,

आम्ही घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंतच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब सांभाळणारी माणसं आहोत. कुणी खजिनदार, कुणी संस्थेचे हिशेबनीस. आमच्या प्रत्येक संस्थेत असे सभासद असतात ज्यांचं घर इथे आहे, पण राहणं नागपूर, कोल्हापूर, नाशिक किंवा इंदूरला. त्यांच्यातले बरेच ज्येष्ठ नागरिक आजही देखभाल खर्चाचा चेक पाठवतात. तो चेक आम्ही तुमच्या शाखेत भरतो. पैसे उशिरा जमा होतात आणि वर ‘परगावचा चेक’ म्हणून शुल्कही कापलं जातं. विचारलं की उत्तर येतं, ‘बाहेरगावचा आहे, वेळ लागणारच.’

हे उत्तर आता चालणार नाही. ते का चालणार नाही, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते उघडपणे लिहिण्याचं कारण असं, की ज्यांच्या खात्यातून असे पैसे जातात त्या प्रत्येकाला आपलं पासबुक कसं तपासायचं हे कळावं.

आधी चेकचा प्रवास पाहू. मुंबईत चेक ट्रंकेशन सिस्टीम, म्हणजे सीटीएस, २७ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाली. तेव्हापासून कागदाचा चेक गावोगाव फिरत नाही. तुमच्या शाखेत किंवा तुमच्या प्रक्रिया केंद्रात तो स्कॅन होतो, त्याची प्रतिमा आणि खालच्या पट्टीवरचे आकडे क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवघेवीत जातात आणि कागद तुमच्याकडेच राहतो. एकाच केंद्रातून चेक वटवण्यासाठी राज्यांचा जो गट केला त्याला ग्रिड म्हणतात. मुंबई ग्रिड आखली गेली तेव्हा तिच्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड धरले होते. एकाच ग्रिडमधल्या दोन शहरांतला चेक स्थानिकच मानायचा आणि त्यावर परगावच्या चेकचं शुल्क किंवा स्पीड क्लिअरिंगचं शुल्क घ्यायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे नागपूरचा चेक ठाण्यात ‘परगावचा’ राहिला नाही, याला एक तप उलटून गेलं. सप्टेंबर २०२० पर्यंत देशातली उरलेली छोटी क्लिअरिंग हाउसेसही सीटीएसमध्ये आली. त्यानंतरही बाहेर राहिलेल्या शाखांना ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत याच पद्धतीत आणा, असं बँकांना सांगण्यात आलं.

मग ४ ऑक्टोबर २०२५ पासून आणखी मोठा बदल झाला. त्याआधी दिवसभराचे चेक गठ्ठ्याने जात. आता शाखेत चेक येतो तसा लगेच स्कॅन करून पाठवायचा असतो. ज्या बँकेवर तो काढला आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत होकार किंवा नकार कळवायचा असतो. तिने काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. दोन बँकांमधला हिशेब मिटला, की चेक भरून घेणाऱ्या बँकेने तासाभराच्या आत ग्राहकाला पैसे मोकळे करून द्यायचे असतात. नेहमीची सावधगिरी बाळगण्याची तिला अर्थातच मुभा आहे.

‘नागपूरहून अजून उत्तर आलं नाही’ या सबबीला आता जागा का उरत नाही, ते इथे दिसतं. उत्तर न येणं हाच होकार ठरतो. क्लिअरिंगला लागलेला चेक एक तर वटतो, नाहीतर कारणासकट परत येतो. काउंटरवर ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं जे सांगितलं जातं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा चेक अजून क्लिअरिंगला लागलेलाच नाही, किंवा वटला आहे पण आमच्या खात्यात सोडलेला नाही, असा असतो. दोन्ही गोष्टी तुमच्याच हातातल्या आहेत.

एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशी नोंद आमच्यातल्या कुणालाच अनोळखी वाटणार नाही.

नागपुरात राहणाऱ्या सभासदाचा वर्षभराच्या देखभाल खर्चाचा ४८,५०० रुपयांचा चेक. मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी साडेअकराला ठाण्याच्या शाखेत काउंटरवर भरला, काउंटरफॉइलवर शिक्का घेतला. संस्थेचं खातं बचत खातं. पासबुकात जमेची नोंद येते सोमवारी, १६ फेब्रुवारीला. त्याच दिवशी खाली ११८ रुपयांची वजावट, ‘चेक कलेक्शन चार्जेस’ या नावाने.

नियमाप्रमाणे काय व्हायला हवं होतं? साडेअकराला आलेला चेक त्याच दिवशी लागला असता तर १० तारखेच्या संध्याकाळपर्यंत पैसे जमा व्हायला हवे होते. शाखेची त्या दिवशी पाठवायची वेळ चुकली, असं बँकेच्या बाजूने धरलं तरी बुधवार, ११ फेब्रुवारी. १४ तारखेला दुसरा शनिवार आणि १५ ला रविवार होता हे खरं, पण ११, १२ आणि १३ हे तीन दिवस कामाचेच होते. तेव्हा सुट्टीचं कारणही पुरत नाही. सगळी सवलत देऊनसुद्धा पाच दिवसांचा उशीर शिल्लक राहतो.

आता ११८ चा उगम पाहा. १०० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी. हा शंभराचा आकडा जुना आहे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०११ पासून बचत खातेदारांच्या परगावच्या चेकसाठी कमाल शुल्क ठरवून दिलं होतं : पाच हजारांपर्यंत २५ रुपये, दहा हजारांपर्यंत ५०, एक लाखापर्यंत १००. त्या काळी चेक खरोखर टपालाने किंवा कुरियरने जात असे आणि त्या खर्चापोटी ही रक्कम होती. आज तो चेक ठाण्याबाहेर जातच नाही. तरी पासबुकात २९.५०, ५९ किंवा ११८ रुपयांची वजावट दिसली, तर ती या जुन्या तक्त्यातून आली असल्याची दाट शक्यता आहे. वाचकांनी हे तीन आकडे लक्षात ठेवावेत.

ही चूक कशी होते, याचाही आम्ही विचार केला आहे. चेकच्या खालच्या पट्टीवर चेक क्रमांकानंतर नऊ आकडी कोड असतो. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा ४००, नागपूरचा ४४०. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘नागपूर’ वाचून चेक नेहमीच्या क्लिअरिंगऐवजी कलेक्शनच्या मेनूत टाकला, तर उशीरही होतो आणि शुल्कही लागतं. चेक योग्य मार्गाने गेला पण संगणकातला शुल्काचा तक्ता ४४० पाहून आपोआप वजावट करत असेल, तर पैसे वेळेवर येतात आणि शुल्क तेवढं कापलं जातं. उशीर आहे पण शुल्क नाही, असं दिसलं तर चेक शाखेतच पडून राहिला किंवा ड्रॉप बॉक्स वेळेवर उघडला नाही, असं मानायला जागा आहे. छोट्या सहकारी बँकांच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. त्या दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत क्लिअरिंगमध्ये भाग घेतात, आणि त्या दोघींमधला हिशेब मिटायला वेळ जातो. पण तो त्या दोन बँकांमधला व्यवहार आहे. त्याचा भार ग्राहकाने का उचलावा?

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. तिच्यासाठी बँकेची परवानगी लागत नाही. ज्याने चेक दिला त्याला विचारायचं, तुमच्या खात्यातून पैसे कोणत्या तारखेला गेले? आमच्या नमुन्यातल्या सभासदाने नागपूरच्या पासबुकाचं पान पाठवलं आणि त्यावर १० फेब्रुवारी ही तारीख असली, तर प्रश्न तिथेच मिटतो. नागपूरच्या बँकेने पैसे १० तारखेला दिले, आम्हाला मिळाले १६ ला. मधल्या काळात ते नागपुरात नव्हते आणि आमच्याकडेही नव्हते. उलट, नागपूरच्या खात्यातूनही ते १६ तारखेलाच गेले असतील, तर चेक तोवर तुमच्याकडून क्लिअरिंगला लागलाच नव्हता, असा अर्थ निघतो. त्या वेळी बँकेकडे चेक सादर केल्याची तारीख लेखी मागावी. दोन्ही प्रकारांत उशिराचं उत्तर चेक भरून घेणाऱ्या शाखेलाच द्यावं लागतं.

वाचकांनी आणखी एक पाहावं. पासबुकात बहुधा एकच तारीख छापली जाते, पण स्टेटमेंटमध्ये दोन असतात : नोंदीची तारीख आणि व्हॅल्यू डेट. बचत खात्याचं व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर मोजलं जातं, आणि ते मोजताना व्हॅल्यू डेट धरली जाते. नोंद १६ ची आणि व्हॅल्यू डेट ११ ची असेल तर व्याज वाचतं, पण मधले दिवस पैसे वापरता येत नाहीत. दोन्ही १६ च्या असतील तर व्याजही गेलं. कधी शिल्लक वाढलेली दिसते पण पैसे काढता येत नाहीत. ती जमा अजून मोकळी झालेली नसते. म्हणून शिल्लक पाहताना ‘उपलब्ध शिल्लक’ हा वेगळा आकडा पाहायचा.

आमच्या तक्रारी आता थेट मांडतो.

पहिली, आणि सगळ्यात गंभीर, शुल्काची. जो चेक स्थानिक मानायचा आहे त्यावर परगावच्या वसुलीचं शुल्क घेतलं जातं. आमच्याकडे ही रक्कम एका माणसाच्या खिशातून जात नाही. खजिनदाराने ती ‘बँक चार्जेस’मध्ये टाकली तर नागपूरच्या एका चेकपोटी सगळ्या सभासदांनी पैसे भरले, असं होतं. सभासदाकडून वसूल केली तर तो म्हणतो, मी पूर्ण ४८,५०० दिले, मला ११८ ची बाकी कशी दाखवता? त्याचं म्हणणं बरोबर असतं. वार्षिक सभेत या वादाला उत्तर द्यायला बँकेचं कुणी येत नाही. ते आम्हाला द्यावं लागतं. शुल्क परत मिळवतानाही एक अडचण येते. तक्रारीनंतर १०० रुपये परत येतात आणि १८ रुपयांचा कर तसाच राहतो. शुल्कच चुकीचं होतं, तर त्यावरचा करही परत यायला हवा.

दुसरी तक्रार जमेच्या तारखेची. आमच्या संस्थांमध्ये देखभाल खर्च भरण्याची शेवटची तारीख ठरलेली असते आणि थकबाकीवर आदर्श उपविधींनुसार वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. आमच्या नमुन्यात शेवटची तारीख १५ फेब्रुवारी असेल आणि हिशेबाची संगणक प्रणाली बँकेतल्या जमेची तारीख उचलत असेल, तर १० तारखेला चेक भरलेला सभासद १६ तारखेला थकबाकीदार ठरतो. काउंटरफॉइलवरचा शिक्का दाखवून ते व्याज आम्ही काढून टाकतो. पण ज्या चेकला शिक्काच नसतो त्याचं काय करायचं?

तिसरी तक्रार त्यातूनच निघते. काउंटरवर चेक घेऊन गेलेल्या माणसाला ‘बॉक्समध्ये टाका’ सांगून परत पाठवलं जातं. ड्रॉप बॉक्स ही सोय आहे, सक्ती नाही. काउंटरवर चेक देणाऱ्याला पोच नाकारायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे, आणि तसा मजकूर बॉक्सवर लावणंही अपेक्षित आहे. वाशी किंवा नौपाड्यातल्या किती शाखांच्या बॉक्सवर तो मजकूर वाचता येतो? बॉक्स किती वाजता उघडला जातो, हे किती ठिकाणी लिहिलेलं आहे? बॉक्समध्ये चेक पडल्याची वेळ सिद्ध करता येत नाही, म्हणून उशिराची नुकसानभरपाईही मागता येत नाही.

चौथी तक्रार नुकसानभरपाईची. प्रत्येक बँकेचं चेक वसुलीचं लेखी धोरण असतं. स्थानिक चेक उशिरा जमा झाल्यास किती भरपाई द्यायची, हे त्यात नसेल तर बचत खात्याच्या दराने उशिराच्या दिवसांचं व्याज द्यावं लागतं, आणि ते ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायचं असतं. नमुन्यातल्या चेकवर अडीच टक्के दर धरला तर एका दिवसाचे ३.३२ रुपये, पाच दिवसांचे १६.६१ रुपये. रक्कम लहान आहे हे आम्हालाही दिसतं. पण ११८ रुपये आपोआप कापणाऱ्या यंत्रणेला १६.६१ रुपये आपोआप जमा करता येत नाहीत, हे आम्ही मान्य करू शकत नाही.

परत आलेल्या चेकबद्दल थोडक्यात. प्रतिमा अस्पष्ट होती किंवा स्कॅन नीट झाला नाही अशा, ग्राहकाची चूक नसलेल्या कारणासाठी चेक परत आला, तर त्याचं शुल्क ग्राहकाकडून घ्यायचं नाही. असा चेक ग्राहकाला न बोलावता पुढच्याच क्लिअरिंगमध्ये, सुट्ट्या वगळून चोवीस तासांच्या आत, पुन्हा लावायचा आणि तसं ग्राहकाला एसएमएसने किंवा ईमेलने कळवायचं. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. तेव्हा परत आलेला चेक शाखेत पडून राहणं धोक्याचं असतं.

बँकांची बाजूही आम्हाला माहीत आहे. नव्या खात्यात अचानक मोठ्या रकमेचा चेक आला तर तुम्ही थांबून खात्री करता, ते योग्यच आहे. पन्नास हजारांवरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची, म्हणजे चेकचा तपशील आपल्या बँकेला आधीच कळवून ठेवण्याची सोय आहे. मोठ्या रकमेच्या चेकला चेक देणाऱ्याने तिथे तपशील दिला नाही तर चेक परत जाऊ शकतो, हेही आम्ही सभासदांना सांगतो. पण थांबवायचं असेल तर कारण लेखी कळवा. वर्षानुवर्षं चालू असलेल्या संस्थेच्या खात्यात, दरवर्षी त्याच सभासदाकडून येणारा चेक न सांगता रोखून धरण्याला सावधगिरी म्हणता येत नाही.

आमच्या मागण्या अशा :

१. सीटीएसमधून वटणाऱ्या कोणत्याही चेकवर, तो कोणत्याही शहरातला असो, परगावच्या वसुलीचं शुल्क लावणं तत्काळ थांबवा. शुल्काच्या तक्त्यातली जुनी ओळ संगणकातून काढा आणि ती काढल्याचं शाखेच्या फलकावर लावा.

२. ४ ऑक्टोबर २०२५ नंतर कापलेलं असं शुल्क, जीएसटीसह, अर्जाशिवाय परत करा. त्याआधीच्या वजावटींसाठी खातेदाराने स्टेटमेंट दाखवल्यावर पंधरा दिवसांत निर्णय द्या.

३. प्रत्येक शाखेत काउंटरवर आणि ड्रॉप बॉक्सवर दोन वेळा मराठीत ठळक लिहा : किती वाजेपर्यंत दिलेला चेक त्याच दिवशी क्लिअरिंगला लागेल आणि बॉक्स किती वाजता उघडला जाईल. काउंटरवर मागणाऱ्याला शिक्क्याची पोच द्या.

४. खातेदाराने विचारल्यास चेक क्लिअरिंगला सादर केल्याची तारीख आणि हिशेब मिटल्याची तारीख लेखी द्या. जमेच्या एसएमएसमध्ये चेक क्रमांक आणि व्हॅल्यू डेट द्या.

५. उशिराचं व्याज न मागता जमा करा आणि त्या नोंदीत किती दिवसांचा उशीर धरला ते दाखवा.

आमच्यासारख्या खातेदारांना आमचं सांगणं असं. काउंटरफॉइल, दोन्ही तारखा असलेलं स्टेटमेंट आणि चेक देणाऱ्याच्या पासबुकातली नोंद, ही तीन कागदपत्रं जोडून शाखेला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. तक्रारीत चेक क्रमांक, रक्कम, भरल्याची तारीख, जमेची तारीख, कापलेलं शुल्क आणि मागितलेली भरपाई एवढंच लिहा. वरच्या नमुन्यात मागणी होईल ११८ अधिक १६.६१, म्हणजे १३४.६१ रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. तिला फी नाही आणि वकील लागत नाही.

व्यवस्थापक महोदय, या पाच मागण्यांपैकी एकीसाठीही तुम्हाला नव्या नियमाची वाट पाहायची नाही. फलक आणि पोच तर तुमच्याच अधिकारात आहेत, त्या उद्यापासून सुरू करा. शुल्काचा तक्ता मुख्यालयातून बदलावा लागत असेल तर हे पत्र जोडून तसं तिकडे लेखी कळवा, आणि त्या पत्राची एक प्रत आम्हाला द्या.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार व हिशेबनीस